पंधरा उदाहरणं आणि एक रिकामा रकाना: कस्टमरी लॉ शिकताना मला जे उशिरा कळलं

एलएलबीच्या चौथ्या वर्षी मी पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट कोर्टला उभी राहिले. आमच्या काल्पनिक देशाने एका कराराच्या आधारावर शेजाऱ्यावर दावा लावला होता आणि शेजारी म्हणत होता की आम्ही तो करार कधी मान्यच केला नाही. म्हणून मी म्हटलं, करार राहू दे, हा नियम आता रूढीजन्य आंतरराष्ट्रीय कायदा झालाय, म्हणजेच कस्टमरी लॉ, आणि तो सगळ्यांना लागू होतो. पुरावा म्हणून तेवीस देशांची उदाहरणं तोंडपाठ केली होती, ती एकामागून एक सांगितली. खंडपीठावरच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ठीक आहे, हे त्यांनी केलं. पण का केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या फेरीत आम्ही हरलो आणि मला ते फार लागलं, कारण मेहनत कमी नव्हती, मेहनतीची दिशाच चुकली होती.

जे नव्याने हा विषय घेतायत त्यांनी तीच चूक करू नये म्हणून हे लिहितेय.

व्याख्या सगळीकडे मिळते: देशांचं प्रत्यक्ष वागणं म्हणजे स्टेट प्रॅक्टिस, आणि ते कायदा म्हणून बंधनकारक आहे या समजुतीने वागणं म्हणजे ओपिनिओ ज्युरिस. दोन्ही जमले की रूढी तयार होते आणि ज्या देशाने कुठल्याही कागदावर सही केलेली नाही त्यालाही ती बांधते. परीक्षेत एवढं लिहून मार्क मिळतात, पण समजायचं असेल तर एकच निकाल नीट वाचा, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 20 फेब्रुवारी 1969 चा नॉर्थ सी कॉन्टिनेन्टल शेल्फचा. मी तो मूटनंतर वाचला, आधी वाचायला हवा होता.

प्रकरण असं. उत्तर समुद्राच्या तळाची जमीन पश्चिम जर्मनी, डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्यात कशी वाटायची? डेन्मार्क आणि नेदरलँड्स म्हणत होते समदूर रेषा काढा, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू जोडत जा. ऐकायला न्याय्य वाटतं ना? पण एक कागद घ्या आणि शेजारी शेजारी तीन किनारे काढा, मधला जरा आत वळलेला. आता मधल्याच्या दोन्ही बाजूंनी समदूर रेषा ओढा. त्या समुद्रात थोडं पुढे गेल्या की एकमेकींकडे झुकतात आणि मधल्या देशाच्या वाट्याला एक तुकडा राहतो, तोही पुढे निमुळता होत संपणारा. मधला देश म्हणजे जर्मनी. मी हे चित्र स्वतः पट्टीने काढलं तेव्हाच कळलं की भांडण नक्की कशाचं होतं, नुसतं वाचून कळलं नव्हतं.

समदूर रेषेचा नियम समुद्रतळाच्या हक्कांवरच्या 1958 च्या जिनिव्हा कन्व्हेन्शनच्या, म्हणजे कराराच्या, कलम 6 मध्ये होता. डेन्मार्क आणि नेदरलँड्स त्याचे सदस्य होते. जर्मनीने सही केली होती पण रॅटिफाय म्हणजे अनुसमर्थन केलं नव्हतं, आणि नुसत्या सहीने देश अशा कराराला बांधला जात नाही, ही गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. मग दुसऱ्या पक्षाने आधी सांगून पाहिलं की जर्मनीने आपल्या वागण्यातून आणि जाहीर विधानांतून कन्व्हेन्शन मान्य केल्यासारखंच आहे. न्यायालयाने ते ऐकलं नाही. सदस्य व्हायची ठरलेली पद्धत समोर असताना आणि देशाने ती वापरलेली नसताना तो मागच्या दाराने बांधला गेला असं सहज धरून चालता येत नाही. मग उरला रूढीचा मुद्दा: कलम 6 आता सगळ्यांचाच कायदा झालाय.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला खूप उशिरा दिसली. जर्मनीला समुद्रतळावर काही हक्क आहे की नाही याबद्दल वादच नव्हता! कन्व्हेन्शनचा सदस्य नसूनही जर्मनीला तो हक्क होता, कारण किनारा असलेल्या देशाला समोरच्या समुद्रतळावर हक्क असतो हे रूढीतच मुरलेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की कलम 1 ते 3 तेव्हाच्या रूढीचं प्रतिबिंब आहेत किंवा निदान घडत असलेली रूढी त्यात उतरलीय, आणि त्या तीन कलमांना आरक्षण, म्हणजे आम्हाला हे कलम नको असं सांगणं, कन्व्हेन्शनमध्येच मना होतं. कलम 6 ला मात्र आरक्षण चालत होतं. म्हणजे एकाच कन्व्हेन्शनमधली काही कलमं सगळ्या जगाला लागू आणि काही फक्त सदस्यांना. म्हणून "हा करार कस्टमरी आहे" असं कधी लिहू नका, कुठलं कलम ते लिहा आणि त्या कलमापुरतंच सिद्ध करा.

कलम 6 का पडलं? एक तर ते नीट वाचलं तर त्यात आधी म्हटलंय की दोघांनी आपसात ठरवावं, ते जमलं नाही तर समदूर रेषा, तीही विशेष परिस्थिती नसेल तर. इतक्या अटींमागे उभा असलेला नियम सर्वसाधारण कायदा व्हायच्या लायकीचा आहे का, इथेच न्यायालय अडखळलं. मग वेळ आणि सदस्यसंख्या. कन्व्हेन्शन 1964 मध्ये लागू झालं आणि खटला 1967 मध्ये आला. न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की कमी काळ हा आपोआप अडथळा नाही, पण काळ कमी असेल तर तेवढ्या काळातली प्रॅक्टिस व्यापक आणि जवळपास एकसारखी हवी, आणि ज्या देशांच्या हिताला या नियमाचा खास धक्का लागतो त्यांचीही हवी. सगळे देश लागत नाहीत, पण ज्यांना झळ बसते त्यांना वगळून मोजता येत नाही.

आणि मग आली ती पंधरा उदाहरणं, तिथे मला माझे तेवीस देश आठवले. समदूर रेषेने सीमा आखल्याची साधारण पंधरा उदाहरणं समोर ठेवली होती. त्यातले निम्म्याहून जास्त देश कन्व्हेन्शनचे सदस्य होते किंवा लवकरच होणार होते, म्हणजे ते कराराप्रमाणे वागत होते, त्यांच्या वागण्यातून कराराबाहेरच्या रूढीबद्दल काहीच कळत नाही. उरलेल्यांनी समदूर रेषा वापरली खरी, पण ती कायद्याने वापरलीच पाहिजे असं त्यांना वाटत होतं याचा पुरावा कुठे? सोयीची वाटली म्हणून वापरली असेल. शिवाय बरीच उदाहरणं समोरासमोरच्या किनाऱ्यांची होती, शेजारी शेजारी लागून असलेल्यांची नव्हती. न्यायालयाने इथे राजशिष्टाचाराची तुलना दिली, मला ती फार आवडते: देश एकमेकांशी कितीतरी गोष्टी जवळजवळ न चुकता करतात, पण त्या सौजन्य, सोय किंवा परंपरा म्हणून करतात, कायद्याचं बंधन म्हणून नाही. निकाल 11 विरुद्ध 6 असा लागला, कलम 6 जर्मनीला लागू नाही. सीमा न्याय्य तत्त्वांवर चर्चेने ठरवा असं सांगितलं, आणि 1971 मध्ये झालेल्या करारांत जर्मनीला समदूर रेषेने मिळाला असता त्यापेक्षा मोठा भाग मिळाला.

यातला सदस्यांना वगळायचा मुद्दा थोडा विचित्र आहे आणि तो पचवायला मला वेळ लागला. करारात जितके जास्त देश सामील होतात तितके कराराबाहेर राहून तसंच वागणारे देश कमी उरतात, म्हणजे करार जितका यशस्वी तितकं त्याच्या बाहेरची रूढी सिद्ध करणं अवघड. याला बॅक्स्टर पॅराडॉक्स म्हणतात. म्हणून शोध घेताना सदस्यांपेक्षा सदस्य नसलेल्यांकडे आधी बघा, सोनं तिथे असतं.

हे वाचल्यावर मी वहीत एक तक्ता आखला, आजही तसाच वापरते. देश, तारीख, काय केलं, तेव्हा कराराचा सदस्य होता का, आणि शेवटचा रकाना: का केलं, त्याच्याच शब्दात. माझे तेवीस देश परत भरून पाहिले तेव्हा सोळा आधीच सदस्य निघाले आणि बाकीच्या सातांपैकी पाचांचा शेवटचा रकाना रिकामा राहिला. उरले दोन. त्या दोघांच्या सरकारांनी अधिकृत पत्रात आम्ही हे आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे करतोय असं लिहिलं होतं. मूटला मी हे दोनच नीट मांडले असते तर मॅडमच्या प्रश्नाला उत्तर होतं.

शेवटचा रकाना कुठून भरायचा? आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2018 मध्ये रूढी कशी ओळखायची यावर 16 निष्कर्ष दिलेत, भाष्यासकट वाचा. सरकारच्या वतीने केलेली जाहीर विधानं, परराष्ट्र खात्यांमधला पत्रव्यवहार, सरकारी वकिलांची मतं, देशातल्या कोर्टांचे निकाल, ठरावांच्या वेळी देश काय बोलले, हे सगळं चालतं. गप्प राहणंही कधी कधी चालतं, पण तो देश बोलू शकत होता आणि परिस्थिती अशी होती की त्याने काहीतरी बोलायला हवं होतं, तरच. तसंच प्रॅक्टिस आणि ओपिनिओ ज्युरिस दोन्ही वेगवेगळे सिद्ध करायचेत, नुसतं वागणं दाखवून त्यातूनच समजूतही निघते असं म्हणून चालत नाही, माझ्या पहिल्या मेमोरियलमध्ये, म्हणजे मूटसाठीच्या लेखी युक्तिवादात, ही चूक पानोपानी होती.

आता रूढी बांधते तेव्हा कशी दिसते तेही बघा, नाहीतर वाटेल की न्यायालय कायम नाहीच म्हणतं. 2012 चा निकारागुआ विरुद्ध कोलंबिया निकाल. निकारागुआ 1982 च्या समुद्र कायदा कराराचा सदस्य, कोलंबिया नाही, म्हणून न्यायालयाने कराराऐवजी रूढीचा कायदा लावला. बेट कशाला म्हणायचं आणि त्याला किती समुद्र मिळतो हे सांगणारं कलम 121 पूर्णपणे रूढी आहे असं ठरवलं. कितासुएन्यो नावाच्या प्रवाळ भागात कोलंबिया 54 ठिकाणं आपली सांगत होता, त्यातलं एकच भरतीच्या वेळी पाण्यावर राहतं असं ठरलं, तेही साधारण 0.7 मीटर, म्हणजे आपल्या कमरेच्याही खाली. तरी त्या खडकाला 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळाला, आणि बाकीच्या 53 ठिकाणांवर बेट म्हणून हक्क सांगता आला नाही. करारात नसलेल्या देशाला रूढीने दिलंही आणि नाकारलंही.

एक सुटका आहे, ती नवखे लोक फार सैल वापरतात. रूढी तयार होत असतानाच एखादा देश स्पष्टपणे आणि सातत्याने विरोध करत राहिला तर ती त्याला लागू होत नाही, याला पर्सिस्टंट ऑब्जेक्टर म्हणतात. 1951 च्या ब्रिटन विरुद्ध नॉर्वे मासेमारी खटल्यात न्यायालयाने म्हटलं की उपसागराच्या तोंडाशी दहा मैलांचा नियम रूढी झालेलाच नाही, आणि झाला असता तरी नॉर्वेने आपल्या किनाऱ्यावर तो लावायला कायम विरोध केलाय. रूढी एकदा पक्की झाल्यावर केलेला विरोध चालत नाही, तो उशीर झाला. म्हणून या युक्तिवादासाठी तक्त्यात तारखेच्या रकान्यापासून सुरुवात करा, पहिला निषेध कधीचा आणि मध्ये कुठे गप्प बसले का ते बघा.

पुढच्या वर्षी त्याच मूटला मी परत गेले, यावेळी करार मान्य नसलेल्या शेजाऱ्याच्या बाजूने. समोरच्या मुलाने अठरा देश सांगितले. मी खंडपीठासमोर फक्त तक्ता ठेवला आणि विनंती केली की शेवटचा रकाना वाचावा.