पॉश सेशन घेताय? या चुका टाळा

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ रोखणं. मी त्यावर पहिल्यांदा सेशन घेतलं तेव्हा सुप्रीम कोर्टाचा 1997 चा विशाखा निकाल, 2013 चा कायदा, कलमं, सगळं सांगितलं, चाळीस मिनिटं बोललो. शेवटी सहज चिठ्ठ्या वाटल्या, तक्रार कुणाकडे करायची ते लिहा म्हटलं, तर बहुतेकांनी लिहिलं 'एचआर'. आणि तक्रार खरं तर ज्या अंतर्गत समितीकडे करायची, तिच्या अध्यक्ष म्हणून नोटीस बोर्डावर ज्या मॅडमचं नाव होतं त्या वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलेल्या!

तेव्हा आधी बोर्ड तपासा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक बाहेरचा सदस्य. सगळ्यांची नावं-नंबर स्लाइडवर टाका आणि लोकांना तिथंच फोनमध्ये सेव्ह करायला लावा. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे बरेच ट्रेनर सांगतच नाहीत.

तक्रारीची मुदत सांगताना नुसतं 'तीन महिने' म्हणू नका, उदाहरण द्या. समजा सुपरवायझर एका मुलीला रात्री अकराला 'डीपी मस्त आहे', 'एकटीच आहेस का' असे मेसेज टाकतोय, ती विषय बदलते, मग उत्तर देणंच बंद करते, तरी चालूच. शेवटचा मेसेज 10 जानेवारीचा, तर तीन महिने तिथून मोजायचे, म्हणजे साधारण 10 एप्रिलपर्यंत. योग्य कारण असेल तर समिती लेखी नोंद करून अजून तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी लागते, पण तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे.

हेच उदाहरण व्याख्येलाही वापरा, कारण नुसता अंगाला हात लावण्याचा प्रसंग दाखवला की सगळे 'आपल्याकडे असलं नाही' म्हणून मोकळे होतात. मुद्दा आहे लैंगिक रोखाचं, समोरच्याला नकोसं वागणं. तोंडाने 'नाही' म्हटलं नाही म्हणजे तिला चालत होतं, असा अर्थ निघत नाही.

मग हमखास कुणीतरी विचारतो, खोट्या तक्रारींचं काय? चिडू नका, पण त्यावर वेगळी स्लाइडही करू नका, बायका तिथेच गप्प होतात. सरळ सांगा, पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, मुद्दाम खोटं बोलल्याचं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

आणि प्लीज, 'चला आता लेडीज सांगतील त्यांचे अनुभव' असं भर हॉलमध्ये करू नका. ऑफिसातलीच जुनी केस नाव बदलून सांगणंही नको, चाळीस जणांत कोण ते दोन मिनिटांत कळतं आणि गोपनीयता कायद्यानेच बंधनकारक आहे. कुणी स्वतःहून बोलायला लागलीच तर हळूच थांबवा, सेशननंतर बाजूला भेटा, आणि समितीच्या मॅडमना त्या दिवशी हॉलबाहेर अर्धा तास बसवाच.