चौरस मॅट्रिक्सचे सममित आणि प्रतिसममित भाग कसे करावेत, आणि दोन्हींची मिती कशी मोजावी

७ आणि २ या दोन संख्या सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सरळ: ७ आणि २. दुसरी अशी की, दोघींची सरासरी ४.५ आहे आणि पहिली तिच्यापेक्षा २.५ ने जास्त, तर दुसरी तेवढ्यानेच कमी आहे. दुसऱ्या तऱ्हेत माहिती कुठेही हरवत नाही. ४.५ + २.५ केलं की ७ परत मिळतात आणि ४.५ − २.५ केलं की २. चौरस मॅट्रिक्सची फोड करताना आपण हेच करतो, फक्त एका जोडीऐवजी अनेक जोड्यांवर. मला सूत्रापेक्षा ही जोड्यांची वाट जवळची वाटते, कारण पुढे मितीचा हिशेबही तिच्यातूनच सुटतो.

आधी शब्द पक्के करू. मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ आणि स्तंभांच्या ओळी केल्या की तिचा ट्रान्सपोज मिळतो. तो Aᵀ असा लिहितात. डावीकडे वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडे खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा मुख्य कर्ण आरसा समजा. ट्रान्सपोजमध्ये प्रत्येक संख्या आरशापलीकडच्या आपल्या जोडीदाराच्या जागी जाते आणि कर्णावरच्या संख्या जागच्या जागी राहतात. Sᵀ = S असेल तर S सममित. Kᵀ = −K असेल तर K प्रतिसममित; वर्गात तिला बहुधा स्क्यू-सिमेट्रिक म्हणतात. मॅट्रिक्स चौरस हवी, कारण २ × ३ ची मॅट्रिक्स उलटली की ३ × २ ची होते आणि दोन वेगवेगळ्या आकारांची बेरीजच करता येत नाही.

आता ही मॅट्रिक्स घेऊ:

```
     ४    ७   −१
A =  २    ०    ५
     ३    ८    ६
```

पायरी १: जोड्या ओळखा. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या स्तंभात ७ आहेत. त्यांचा जोडीदार दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या स्तंभात, म्हणजे २. तसाच −१ चा जोडीदार ३ आणि ५ चा जोडीदार ८. कर्णावरच्या ४, ०, ६ यांना वेगळा जोडीदार नाही. त्या आरशावरच उभ्या आहेत.

पायरी २: प्रत्येक जोडीची सरासरी काढा. ७ आणि २ ची सरासरी ९/२, −१ आणि ३ ची १, ५ आणि ८ ची १३/२. ही सरासरी जोडीच्या दोन्ही जागी लिहायची. कर्ण जसाच्या तसा उतरवायचा. झाला सममित भाग:

```
     ४     ९/२    १
S =  ९/२   ०     १३/२
     १    १३/२    ६
```

पायरी ३: प्रत्येक जोडीतला अर्धा फरक काढा. नेहमी वरच्या संख्येतून खालची वजा करा. (७ − २)/२ = ५/२, (−१ − ३)/२ = −२, (५ − ८)/२ = −३/२. हे आकडे कर्णाच्या वर लिहा, समोरच्या जागी तेच उलट चिन्हाने, आणि कर्णावर शून्य:

```
      ०    ५/२   −२
K =  −५/२   ०    −३/२
      २    ३/२    ०
```

कर्णावर शून्यच का, हे एकदा नीट पाहून घ्या. प्रतिसममित मॅट्रिक्समध्ये प्रत्येक संख्या आपल्या जोडीदाराच्या उलट चिन्हाची असते. कर्णावरची संख्या k स्वतःचीच जोडीदार आहे, म्हणून k = −k, म्हणजे 2k = 0, म्हणजे k = 0. या शेवटच्या उडीत आपण २ ने भागलं. ते लक्षात असू द्या, पुढे लागेल.

सगळ्या जोड्यांवर केलेलं हे काम एका ओळीत मांडलं की पुस्तकातलं सूत्र येतं: S = (A + Aᵀ)/2 आणि K = (A − Aᵀ)/2. संगणकावर करायचं तर पायथनमध्ये एवढं पुरे:

```python
import numpy as np
A = np.array([[4, 7, -1], [2, 0, 5], [3, 8, 6]])
S = (A + A.T) / 2
K = (A - A.T) / 2
```

इथे `/` च्या जागी `//` लिहिलंत तर उत्तर बिघडतं. `//` अपूर्णांक टाकून खालच्या पूर्णांकावर येतं, त्यामुळे ९/२ चे ४ होतात, ५/२ चे २ आणि −५/२ चे −३. मग ४ + २ = ६ येतात, ७ नाही, आणि २ समोर −३ बसल्यामुळे K प्रतिसममितही राहत नाही.

पायरी ४: ताळा घ्या. S + K करून A परत येते का पाहा: ९/२ + ५/२ = ७, ९/२ − ५/२ = २, आणि याच रीतीने बाकीच्या जागा. पण नुसत्या बेरजेवर थांबू नका. नेहमी दिसणारी एक चूक बेरजेत पकडली जात नाही: कर्णसुद्धा अर्धा-अर्धा वाटणं. ४ चे २ इकडे आणि २ तिकडे केले तरी बेरीज ४ च येते, पण K च्या कर्णावर २ बसतात आणि ती प्रतिसममित उरत नाही. म्हणून तीन गोष्टी पाहायच्या: बेरीज जुळते, S आरशात तशीच दिसते, K आरशात चिन्ह बदलते.

मला आवडणारा आणखी एक ताळा आहे. प्रत्येक मॅट्रिक्समधल्या सगळ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करा. A ची येते २०४. S ची १७९ आणि K ची २५, मिळून २०४. हा योगायोग नाही. S आणि K च्या त्याच त्या जागेवरच्या संख्यांचे गुणाकार करून मिळवले तर उत्तर शून्य येतं, कारण जोडीच्या एका जागी येणारा गुणाकार समोरच्या जागी उलट चिन्हाने येतो आणि कर्णावर K शून्यच आहे. म्हणजे दोन्ही भाग एकमेकांना काटकोनात आहेत आणि आपण पाहिलं ते पायथागोरसचं प्रमेय आहे. अर्धा-अर्धा वाटलेला कर्ण इथे लगेच उघडा पडतो: ४ च्या वर्गाचे १६ हवेत, तिथे २ आणि २ च्या वर्गांचे मिळून ८ च भरतात. मात्र K ची सगळी चिन्हं उलटी पडली असतील तर हा ताळा गप्प बसतो, कारण वर्गात चिन्ह पुसलं जातं. ती चूक बेरजेत सापडते; तेव्हा S + K मधून A ऐवजी Aᵀ मिळते.

ताळे जुळले, तरी कुणी विचारेल: दुसऱ्या कुणाला वेगळे S आणि K सापडले तर? नाही सापडणार. समजा कशाही मार्गाने A = S + K झालं, S सममित आणि K प्रतिसममित. दोन्ही बाजूंचा ट्रान्सपोज घ्या: Aᵀ = S − K. ही दोन समीकरणं मिळवली की 2S = A + Aᵀ, वजा केली की 2K = A − Aᵀ. म्हणजे S आणि K कोण असावेत हे A नेच ठरवून टाकलं, निवडीला जागा उरली नाही. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे दोन ओळींचं गणित लक्षात ठेवणं सोपं, कारण त्यातून सूत्रही निघतं आणि फोड एकमेव असल्याची सिद्धताही.

पायरी ५: मिती मोजा. मिती म्हणजे, त्या प्रकारची मॅट्रिक्स पूर्ण सांगायला किती संख्या मोकळेपणाने निवडाव्या लागतात. n × n मॅट्रिक्समध्ये n² जागा असतात. त्यांतल्या n कर्णावर. उरलेल्या n² − n जागा दोन-दोनच्या जोडीने आहेत, म्हणून जोड्या n(n−1)/2.

सममित मॅट्रिक्समध्ये प्रत्येक जोडीसाठी एक संख्या निवडायची, कारण समोर तीच येते, आणि कर्णावरच्या n संख्या मोकळ्या. म्हणून मिती n(n−1)/2 + n, म्हणजे n(n+1)/2. प्रतिसममित मॅट्रिक्समध्येही प्रत्येक जोडीसाठी एक, पण कर्ण शून्याने बांधलेला. म्हणून मिती n(n−1)/2. दोन्हींची बेरीज बरोबर n², आणि फरक बरोबर n, म्हणजे कर्णाएवढा. दोन भाग म्हणजे निम्मी-निम्मी मिती असं उत्तर कधी आलं, तर कर्णाचा विसर पडला आहे असं समजा.

आपल्या ३ × ३ च्या उदाहरणात ६ आणि ३. सममित भागाच्या सहा संख्या ४, ०, ६, ९/२, १, १३/२ आणि प्रतिसममित भागाच्या तीन ५/२, −२, −३/२. या नऊ संख्या A च्या मूळ नऊ संख्यांऐवजी ठेवल्या तरी A पूर्ण सांगितली जाते. पायाभूत मॅट्रिक्स लिहायच्या असतील तर Eᵢⱼ म्हणजे i व्या ओळीत j व्या स्तंभात १ आणि बाकी शून्य असं धरा. सममित अवकाशाचा पाया कर्णासाठी Eᵢᵢ आणि प्रत्येक जोडीसाठी Eᵢⱼ + Eⱼᵢ. प्रतिसममितचा प्रत्येक जोडीसाठी Eᵢⱼ − Eⱼᵢ.

२ × २ ला हा हिशेब ३ आणि १ होतो, ४ × ४ ला १० आणि ६. पण ३ × ३ ची गोष्ट खास आहे. n(n−1)/2 = n हे शून्याखेरीज फक्त n = 3 लाच जुळतं, म्हणजे तिथे प्रतिसममित मॅट्रिक्समध्ये जितक्या मोकळ्या संख्या, तितकेच सदिशाचे घटक. म्हणूनच ३ × ३ ची प्रतिसममित मॅट्रिक्स एका सदिशाच्या रूपात लिहिता येते. आपल्या K साठी तो सदिश w = (३/२, −२, −५/२): कोणत्याही सदिश v ला K ने गुणणं म्हणजे w × v हा सदिश गुणाकार करणं. v = (१, ०, ०) घेऊन पाहा. Kv म्हणजे K चा पहिला स्तंभ (०, −५/२, २), आणि w × v सुद्धा तेवढंच येतं.

आता मघाचा २ ने भागण्याचा मुद्दा. वास्तव किंवा संमिश्र संख्यांमध्ये तो कधीच अडवत नाही. संमिश्र संख्यांत फक्त एक जपायचं: इथे साधा ट्रान्सपोज हवा, संयुग्मी नाही. मॅटलॅबमध्ये `A'` संयुग्मीही घेतं, म्हणून तिथे `A.'` लिहावं लागतं. पण जिथे फक्त ० आणि १ असतात आणि १ + १ = ० धरतात, त्या अंकगणितात २ म्हणजेच ०, आणि भागाकार बंद. तिथे −१ आणि १ एकच, म्हणून Kᵀ = −K आणि Kᵀ = K या अटीही एकच. प्रतिसममित आणि सममित मॅट्रिक्सचा संच एकच होतो, दोन सममित मॅट्रिक्सची बेरीज पुन्हा सममितच राहते, आणि पुढची साधी मॅट्रिक्स कशीही फोडता येत नाही:

```
०  १
०  ०
```