बोन एजचा एक्स-रे : उंची किती उरली हे वाचताना या चुका टाळा

मुलांच्या वाढीच्या तक्रारी पाहण्यात माझी पुण्यात बरीच वर्षे गेली. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे घेऊन आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर, अजून किती वाढेल?’’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या एक्स-रेत असते, मात्र ते रिपोर्टमधल्या एका आकड्यात शोधले की घोटाळा होतो.

सर्वांत जास्त आढळणारी चूक वजाबाकीची आहे. मुलगा १४ वर्षांचा आणि बोन एज, म्हणजे एक्स-रेतल्या हाडांच्या वाढीवरून ठरवलेले हाडांचे वय, १२; तेव्हा त्याला दोन वर्षे जादा मिळाली, असा हिशोब केला जातो. हाडांचे वय उरलेली वर्षे सांगत नाही; प्रौढ उंचीचा किती हिस्सा गाठून झाला, ते सांगते. हाडे १२ वर्षांची असलेल्या मुलाची साधारण एक षष्ठांश उंची बाकी असते. ती किती काळात भरून निघेल हे त्याच्या वयात येण्याच्या गतीवर ठरते, कारण त्या काळात हाडांचे वय कॅलेंडरच्या पुढेही धावू शकते.

दुसरी चूक मला अधिक छळते : फोटो कसा काढला आहे हे न पाहता रिपोर्ट वाचणे. एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा ११ वर्षे ४ महिन्यांची होती आणि तिची उंची १४२ सेंटीमीटर होती. हातातल्या रिपोर्टवर ‘हाडांचे वय १३’ असे लिहिलेले होते. बेली आणि पिनो यांच्या तक्त्यानुसार १३ वर्षांच्या हाडांच्या मुलीने प्रौढ उंचीच्या ९५.८ टक्के उंची गाठलेली असते. म्हणजे अंदाज १४८ सेंटीमीटरचा, आणि बाकी जेमतेम सहा. आई रडकुंडीला आली होती आणि वडील ‘इंजेक्शन आजच सुरू करा’ म्हणत होते.

मला खटकले ते वेगळेच. मुलीच्या वयात येण्याची सुरुवात नुकतीच झाली होती आणि पाळी आलेली नव्हती. हाडांच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास बोटांच्या टोकाच्या पेरांतील वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून लांब होते ती कूर्चेची पट्टी, बुजू लागते आणि बहुतेक मुलींची पाळीही त्याच सुमारास येते, त्यामुळे शरीर एक सांगत होते आणि रिपोर्ट दुसरे. फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा उलगडा झाला. मुलीने बोटे किंचित मुडपलेली होती. मुडपलेल्या बोटात वाढपट्टीची काळी रेघ तिरपी पडते, तिच्यावर हाडाची सावली येते आणि उघडी पट्टी मिटल्यासारखी दिसते. घाईत काढलेला फोटो आणि घाईत लिहिलेला रिपोर्ट, दोन्हींची जोडी जमली होती.

दुसऱ्या दिवशी पंजा पूर्ण सपाट ठेवून, बोटे थोडी फाकवून आणि मधल्या बोटाच्या मुळाशी किरण केंद्रित करून पुन्हा फोटो काढून घेतला. टोकाच्या पेरांतील रेघा स्वच्छ उघड्या होत्या आणि अंगठ्याच्या मुळाशी तिळासारखे सेसमॉइड हाड दिसत होते, जे मुलींत हाडांच्या ११ वर्षांच्या आसपास उमटते. हाडांचे वय १२ ठरले. तक्त्यात त्याचा हिस्सा ९२.२ टक्के; १४२ ला ०.९२२ ने भागले की १५४ येतात. एका वर्षाच्या चुकीने सहा सेंटीमीटर गिळले होते! पुढच्या वर्षी ती १४८.५ सेंटीमीटरची झाली, म्हणजे पहिल्या रिपोर्टने सांगितलेली अखेरची उंची तिने वर्षभरातच ओलांडली.

माझी सवय अशी आहे की मी रिपोर्ट आणि जन्मतारीख दोन्ही झाकून आधी फिल्म पाहतो. बोटांच्या टोकांपासून सुरुवात करतो, मग सेसमॉइड, आणि शेवटी रेडियस या कोपराखालच्या हाडाची मनगटाजवळची पट्टी, जी सर्वांत उशिरा मिटते. मनगटातील आठ छोट्या हाडांना मी या वयात फारसे महत्त्व देत नाही, कारण त्यांचा क्रम मुलागणिक बदलतो. नवशिके डॉक्टर नेमके तिथेच मोजत बसतात, कारण मोजणे सोपे असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. अंदाज म्हणजे शब्द दिल्यासारखा आकडा नव्हे. चार-पाच सेंटीमीटरचा फरक दोन्ही बाजूंना धरावा. ज्या चित्रांशी एक्स-रे ताडून हाडांचे वय ठरवतात, त्या ग्रुलिक आणि पाइल यांच्या १९५९ च्या ॲटलासमधील मुले अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची होती, तेव्हा पुण्याच्या मुलाचा एक-दोन महिन्यांचा फरक कोरून काढू नये. उंची एक्स-रेच्याच दिवशी, बूट काढून मोजावी, कारण भागाकार तिचाच होतो. सहा महिन्यांच्या आत पुन्हा एक्स-रे काढून ‘फरक पडला का’ पाहण्याची घाई तर करूच नये. तेवढ्या काळातला फरक वाचणाऱ्याच्या चुकीत हरवतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला, ट्यूबलाइटची चकाकी असलेला फिल्मचा फोटो पाहून मी उत्तर देत नाही, कितीही वेळा ‘फक्त अंदाज सांगा’ म्हटले तरी.