एस्क्रोतले पैसे हातात येईपर्यंत

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांमुळे सांगली-मिरजेत डिझाइनचं काम करणाऱ्यांची कमी नाही. डिप्लोमा झाला की सॉलिडवर्क्सचा क्लास, मग एखाद्या वर्कशॉपमध्ये वर्ष-दोन वर्षं ड्रॉइंगची कामं, आणि त्यातून काही मुलं अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर परदेशी क्लायंटची कामं घ्यायला लागतात. मीही याच वाटेनं आलो. नवीन मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काम केलं आणि पैसेच दिले नाहीत तर?" प्लॅटफॉर्म त्यासाठी मध्ये पैसे धरून ठेवतो, यालाच एस्क्रो म्हणतात. पण ते कधी धरतो, कधी सोडतो आणि कशावर निर्णय करतो हे नीट समजून न घेता मुलं काम सुरू करतात. इथे मी फक्त ठरावीक किमतीच्या कामाबद्दल लिहितो. तासावर चालणाऱ्या कामात एस्क्रो नसतो, तिथले नियम वेगळे.

ठरावीक किमतीच्या करारात काम टप्प्यांत तोडलेलं असतं. प्रत्येक टप्पा म्हणजे एक माइलस्टोन. क्लायंट टप्प्याचे पैसे आधी एस्क्रोत भरतो आणि तेव्हाच तो टप्पा चालू झाला असं धरायचं. करार झाला म्हणजे सगळे पैसे जमा झाले, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. ६०० डॉलरच्या कामात पहिल्या टप्प्याचे १५० भरले असतील, तर तुमच्या पाठीशी १५०च आहेत. उरलेले ४५० अजून क्लायंटच्या खिशात आहेत. "तुम्ही सुरू करा, रात्री भरतो" असा निरोप आला तर मी मुलांना सांगतो, नम्रपणे कळवा की पैसे जमा झालेले दिसले की लगेच सुरू करतो. चांगल्या क्लायंटला याचा राग येत नाही, कारण त्यालाही ही पद्धत माहीत असते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काम झाल्यावर फाइल चॅटमध्ये टाकली, क्लायंटनं "छान आहे" म्हटलं, म्हणजे काम सादर झालं असं प्लॅटफॉर्म मानत नाही. टप्प्यावर जाऊन `Submit Work for Payment` हे बटण दाबावं लागतं. ते दाबलं की क्लायंटला १४ दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं मंजुरी दिली नाही, बदलही मागितले नाहीत, तर पैसे आपोआप तुमच्याकडे सुटतात. बटण दाबलंच नाही तर ही मुदत सुरूच होत नाही आणि गप्प बसलेल्या क्लायंटचे पैसे एस्क्रोतच पडून राहतात. बटण दाबताना नुसती फाइल जोडू नका. टप्प्यात काय ठरलं होतं आणि काय दिलं, हे चार ओळींत लिहा. पुढे वाद झाला तर वाचणारा माणूस आधी याच ओळी वाचतो.

मुदत नेहमी सरळ जात नाही. क्लायंट बदल मागू शकतो आणि तसं केलं की १४ दिवसांची मोजणी थांबते. तुम्ही पुन्हा सादर केलं की नव्यानं १४ दिवस. शिवाय मंजुरीनंतरही पैसे लगेच बँकेत जात नाहीत. आणखी ५ दिवस ते सुरक्षेसाठी थांबवलेले असतात, त्यानंतर काढता येतात. म्हणून घरभाड्याचा किंवा लॅपटॉपच्या हप्त्याचा हिशेब करताना काम संपल्याची तारीख धरू नका. सादर केल्यापासून तीन आठवडे धरा.

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका मुलाचं आहे. क्लायंट कॅनडातला, त्याला पॅकिंगच्या छोट्या कन्व्हेयरचं डिझाइन हवं होतं. तीन टप्पे ठरले: मांडणीचा आराखडा १५० डॉलर, २२ भागांचं थ्री-डी मॉडेल ३०० डॉलर आणि वर्कशॉपसाठी ड्रॉइंग १५० डॉलर. दुसऱ्या टप्प्याच्या वर्णनात मुलानं लिहिलं होतं की मंजूर आराखड्याप्रमाणे २२ भागांची असेंब्ली, मूळ फाइल आणि स्टेप फाइल, शिवाय आराखड्यात नसलेला भाग वाढला तर तो वेगळा टप्पा. एवढं एक वाक्य पुढे त्याच्या कामी आलं.

पहिला टप्पा सुरळीत झाला. दुसऱ्याचे ३०० भरलेले दिसल्यावर त्यानं काम केलं आणि ३ तारखेला सादर केलं. आठवडाभर काहीच उत्तर नाही. १४ तारखेला क्लायंटनं बदल मागितले. तीन मागण्या होत्या. मोटर बसवायच्या प्लेटवर दोन भोकं चुकीच्या जागी आहेत, गिअरबॉक्सला झाकण हवं, आणि पाय कमी-जास्त उंचीचे करता यायला हवेत. पहिली मागणी रास्त होती, भोकं खरोखर चुकली होती. उरलेल्या दोन्ही गोष्टी आराखड्यात नव्हत्या. मुलानं प्लेट दुरुस्त केली, झाकण आणि पायांसाठी वेगळा टप्पा सुचवला आणि १६ तारखेला पुन्हा सादर केलं. या सगळ्या काळात त्यानं फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर एक शब्द बोलला नाही, सगळं प्लॅटफॉर्मच्याच संदेशांत लिहिलं. बाहेर झालेलं बोलणं वादाच्या वेळी दाखवणं अवघड जातं.

२० तारखेला क्लायंटनं करारच बंद केला आणि ३०० डॉलर परत मागितले. आता इथे घाबरून चुकीचं बटण दाबलं जातं, म्हणून हळू वाचा. अशी मागणी आली की फ्रीलान्सरला ७ दिवस असतात. त्यात पैसे परत द्यायला हो म्हणता येतं किंवा वाद नोंदवता येतो. काहीच केलं नाही तर ७ दिवसांनी पैसे क्लायंटकडे परत जातात. म्हणजे १४ दिवसांच्या मुदतीत गप्प राहणाऱ्या क्लायंटचा तोटा होतो आणि ७ दिवसांच्या मुदतीत गप्प राहणाऱ्या फ्रीलान्सरचा.

आपल्या भागात याला आणखी एक अर्थ आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा सांगलीत कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तुमच्याकडे पूर आलाय हे मुदतीला कळत नाही. म्हणून पावसाळ्यात चालू करार असेल तर ॲपच्या सूचना मोबाइलवर चालू ठेवा, पॉवर बँक भरलेली ठेवा आणि पाणी चढायला लागल्याची बातमी आली की क्लायंटला आधीच लिहून ठेवा. निरोपानं मुदत वाढत नाही, पण पुढे बोलणी होतील तेव्हा तो निरोप समोर असतो.

मुलानं दुसऱ्याच दिवशी वाद नोंदवला. अपवर्ककडून एक मध्यस्थ येतो आणि दोघांचं म्हणणं मागवतो. त्याच्याकडून नवीन मुलांची अपेक्षा चुकीची असते. मॉडेल किती सुंदर झालं, रात्र रात्र जागून केलं, याचं मोजमाप तो करत नाही. ठरलं काय होतं, दिलं काय आणि कधी दिलं, एवढं तो पाहतो. तडजोड घडवणं हे त्याचं काम, निकाल देणं नाही. मुलानं पाच गोष्टी तारखांसह मांडल्या: टप्प्याचं वर्णन, आराखडा मंजूर झाल्याचा संदेश, ३ तारखेचं सादरीकरण, झाकण आणि पायांची मागणी पहिल्यांदा आली तो १४ तारखेचा संदेश, आणि दुरुस्त प्लेटसह १६ तारखेचं सादरीकरण. लांबलचक कैफियत लिहिली नाही.

क्लायंटनं मग एक खरी अडचण सांगितली. पहिल्या फाइलवरूनच त्यानं मोटरची प्लेट लेझरवर कापून घेतली होती, ती वाया गेली, ४० डॉलर गेले. पावतीही जोडली. त्यानं आधी १०० डॉलर देऊ केले, मुलानं पूर्ण ३०० मागितले. मी त्याला म्हटलं, "प्लेटचे चाळीस त्याला सोड. ते त्याचे खरोखर गेलेत. बाकीचं धरून ठेव." शेवटी २६० डॉलर मुलाला आणि ४० क्लायंटला, यावर दोघं राजी झाले. त्याच्या करारावर प्लॅटफॉर्मचं शुल्क १० टक्के होतं, म्हणजे २६ गेले आणि हातात २३४ आले. शुल्क सुटलेल्या रकमेवर लागतं, परत गेलेल्या ४० वर नाही. नव्या करारांत हा टक्का कामागणिक बदलतो, म्हणून प्रस्ताव पाठवतानाच तो पाहून किंमत सांगा.

तडजोड झाली नसती तर पुढची पायरी लवादाची होती. त्यासाठी दोन्ही बाजूंना शुल्क भरावं लागतं आणि ३०० डॉलरच्या वादाला ते परवडत नाही. क्लायंटलाही तेच गणित असतं, म्हणून लहान रकमांचे वाद बहुधा मध्यस्थाच्या टप्प्यावरच मिटवणं दोघांच्या सोयीचं असतं. अडून बसण्याआधी हे मनात ठेवा. पण लवादाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. एका बाजूनं शुल्क भरलं आणि दुसरीनं भरलं नाही, तर पैसे भरणाऱ्याकडे जाऊ शकतात.

तिसऱ्या टप्प्याचे १५० डॉलर या सगळ्यात कुठेच आले नाहीत. ते कधी भरलेच गेले नव्हते, त्यामुळे त्यावर वाद घालायला काही नव्हतं. मुलानं ड्रॉइंगचं काम सुरूही केलं नव्हतं, म्हणून त्याचं काही गेलं नाही. "मॉडेल झालंय तर ड्रॉइंग काढायला कितीसा वेळ" म्हणून त्यानं आधीच काढून ठेवली असती, तर तेवढी मेहनत एस्क्रोच्या बाहेर राहिली असती.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेलात तर बटणं तीच दिसतात, मुदती बदलतात. फायव्हरवर डिलिव्हरी दिली की ग्राहकानं काही न केल्यास ३ दिवसांत ऑर्डर पूर्ण धरली जाते, पण त्यानंतर पैसे हातात यायला बहुतेकांना १४ दिवस थांबावं लागतं. नव्या जागी पहिलं काम घेण्याआधी सादर केल्यानंतर किती दिवस, परत मागितल्यावर किती दिवस आणि सुटल्यानंतर किती दिवस, हे तीन आकडे मदत-पानावर शोधून वहीत लिहून ठेवा.

आणखी एक. अपवर्कवर पैसे सुटल्यानंतरही ३० दिवस क्लायंट वाद नोंदवू शकतो. तोवर त्या कामाच्या मूळ फाइली, जुन्या आवृत्त्यांसकट, लॅपटॉपवरून काढू नका.