विमा कोणत्या मिनिटाला सुरू होतो, ते कसे तपासावे

पावसाळ्यात चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरायला वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ ला ते सगळ्यांनी पाहिले. अशा गावात गाडीचा विमा कोणत्या तारखेपासून आहे एवढे माहीत असून भागत नाही, तास आणि मिनिटही बघावे लागते.

आधी पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा विमा कालावधी शोधा. तिथे तारखेसोबत वेळ असते. ‘१६ जुलै, 00:00’ म्हणजे १५ तारखेची रात्र संपून १६ तारीख लागते तो क्षण. पुष्कळजण ‘रात्री १२’ वाचून १६ ची रात्र समजतात आणि चोवीस तासांनी चुकतात.

मग जुन्या पॉलिसीची शेवटची वेळ नव्या पॉलिसीच्या सुरुवातीशी जुळवा. समजा, जुनी १४ जुलैला 23:59 ला संपली. मालकाने १५ ला संध्याकाळी ७:२० ला ऑनलाइन पैसे भरले, आणि नवीन पॉलिसीवर सुरुवात आली १६ जुलै, 00:00. १५ च्या रात्री दहाला पार्किंगमध्ये पाणी चढले आणि गाडीच्या इंजिनात गेले. पैसे भरल्याची पावती हातात आहे, तरी हे नुकसान विम्यात बसत नाही. दावा १६ ला सकाळी केला तरी फरक पडत नाही, कारण कंपनी नुकसान कधी झाले हे बघते, कधी कळवले हे नाही. हेच पैसे १४ तारखेला दिवसा भरले असते, तर नवीन पॉलिसी १५ ला 00:00 पासून लागली असती आणि मधे एक मिनिटही उघडे राहिले नसते.

पैसे भरण्याआधीची वेळ विम्यात येत नाही, हा विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीचा नियम आहे. पॉलिसीवर वेळ लिहिली असेल तर न्यायालय तीच धरते. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात अपघात दुपारी २:२० चा आणि विमा २:५५ चा निघाला. कंपनीवर जबाबदारी आली नाही. वेळ लिहिलेलीच नसेल, तर मात्र त्या तारखेच्या सुरुवातीपासून संरक्षण धरल्याचे निकाल आहेत.

मुदत उलटून गेली असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण देण्याआधी कंपनी बहुधा गाडीची तपासणी मागते. ती होईपर्यंत ‘पैसे भरले, झाले’ असे समजू नका. एजंटने ‘आजपासून चालू’ सांगितले, तरी पॉलिसीची पीडीएफ मागवून घ्या आणि वेळ स्वतः वाचा.

पाणी चढताना दिसले, की फोनने फोटो काढा. फोटोत नोंदलेली वेळ पुढे वाद झाल्यास कामाला येते. पैसे भरल्याचा एसएमएसही पुसू नका.