लेबल नसलेल्या संभाषणात कोण काय बोललं: या चुका टाळा

बैठकीचं किंवा मुलाखतीचं रेकॉर्डिंग मजकुरात उतरून येतं, पण कुणाचंच नाव नसतं. नुसत्या ओळींखाली ओळी. मध्येमध्ये दोघं-तिघं एकदम बोललेले असतात. कोण काय म्हणालं ते आता तुम्हाला लावायचं असतं. या कामातली चूक एका ओळीपुरती राहत नाही. एक नाव सरकलं की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात आणि तरीही मजकूर वाचायला बऱ्यापैकी सुसंगत वाटतो. त्यामुळे चूक जिथे लक्षात येते तिथे ती झालेली नसते. बरीच आधी झालेली असते.

एक छोटा तुकडा घेऊ. तिघांची बैठक आहे. अ ही बैठक चालवणारी, ब हा अहवाल लिहिणारा आणि क ही त्याला आकडे पुरवणारी. यंत्राने उतरवलेला मजकूर असा आला:

```
१ अहवाल शुक्रवारपर्यंत होईल का
२ होईल पण आकडे
३ हो हो
४ अजून आलेले नाहीत
५ मी कालच पाठवले मेल बघा
६ बघितली त्यात शेवटचा तक्ता नव्हता
७ बरं मी आज पाठवते
८ मग सोमवारी देतो
९ चालेल
```

ओळ बदलली म्हणजे माणूस बदलला, असं धरू नका

घाईत बसलेला माणूस इथे अ, ब, अ, ब असं लावत सुटतो, किंवा तिघं आहेत म्हणून अ, ब, क. पहिल्या तऱ्हेने चौथी ओळ निव्वळ योगायोगाने बरोबर येते आणि पाचवी चुकते, दुसऱ्या तऱ्हेने चौथीच चुकते. ‘होईल पण आकडे’ आणि ‘अजून आलेले नाहीत’ हे एकाच माणसाचं एकच वाक्य आहे. मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला म्हणून ते तुटलं.

यंत्र बरेचदा शांतता सापडली की ओळ तोडतं, आणि शांततेचा माणूस बदलण्याशी फारसा संबंध नसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच निघालं. उलट विचार करत बोलणारा माणूस स्वतःच्याच वाक्यात त्याहून जास्त वेळ सहज थांबतो. म्हणजे लांब विराम दिसला तर तिथे तोच माणूस पुढे बोलत असण्याची शक्यता बरीच असते.

म्हणून वरून खाली नावं लावत जाऊ नका. आधी अख्खा मजकूर वाचून ज्या ओळींबद्दल शंकाच नाही तेवढ्याच पक्क्या करा. माणूस स्वतःची ओळख करून देतो, स्वतःच्याच कामाबद्दल बोलतो, किंवा कुणी नाव घेऊन प्रश्न विचारल्यावर लगेच त्याचं उत्तर येतं, अशा त्या जागा. नाव घेतलेल्या ओळीत मात्र एक फसगत होते: ज्याचं नाव ओळीत आहे त्यालाच ती ओळ चिकटवली जाते. सहसा तो ऐकणारा असतो, बोलणारा नव्हे.

मग दोन पक्क्या ओळींमधला भाग वरूनही भरत या आणि खालूनही. मध्ये दोन्ही बाजू जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर चूक त्याच दोन ओळींच्या मध्ये आहे, बाकीचा मजकूर पुन्हा उकरायची गरज नाही. चूक झाल्याची लक्षणंही ठरलेली असतात: माणूस स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देतो, स्वतःचेच आभार मानतो, किंवा ज्याने काम घेतलं तोच पुढे ‘तुमचं काम झालं का’ विचारतो.

मधल्या ‘हो हो’ला संमती समजू नका

तिसरी ओळ कुणाची? बहुतेकजण ती क ला देतील, कारण विषय आकड्यांचा आणि आकडे तिच्याकडे. तसं दिलं की मजकुराचा अर्थच पालटतो: आकडे दिलेले नाहीत हे क ने कबूल केलं असं दिसतं. आणि दोनच ओळींनंतर ‘मी कालच पाठवले’ म्हणून तीच खोटी पडते.

पण ‘हो हो’ कुठे पडलं ते बघा. तोवर ब च्या तोंडून फक्त ‘होईल पण आकडे’ एवढंच गेलं होतं. आकड्यांचं पुढे काय, हे त्याने अजून सांगितलेलंच नाही. न ऐकलेल्या वाक्याला कुणी मान्यता देत नाही. हे ‘हो हो’ म्हणजे ‘ऐकतेय, बोला’ एवढंच. हं, अच्छा, बरं, बरोबर हेही असेच वावरतात. बैठक चालवणारी व्यक्ती असे हुंकार बरेचदा देते, म्हणून अंदाज अ कडे झुकतो. पण तो अंदाजच, रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत खरा धरायचा नाही.

असा हुंकार वाक्याच्या मध्ये आला तर तो वेगळ्या ओळीत काढा आणि तुटलेलं वाक्य पुन्हा जोडा. संभाषणाचा अभ्यास करणारे लोक संशोधक गेल जेफरसन यांच्या पद्धतीने चौकटी कंस वापरतात: एकाच वेळी उच्चारलेले शब्द दोन्ही ओळींत कंसात, एकाखाली एक. सगळ्या खुणा शिकायची गरज नाही, ही एक पुरते.

क्रियापद बघून लगेच बाई की पुरुष ठरवू नका

आपल्या भाषेत बोलणारा ‘मी’ म्हणताना स्वतःचं लिंग सांगून जातो. सातव्या ओळीतलं ‘पाठवते’ आणि आठव्यातलं ‘देतो’ या दोन ओळी त्यामुळे जवळपास पक्क्या होतात. ‘देतो’ म्हणणारा इथे एकच पुरुष आहे, ब. ‘पाठवते’ अ किंवा क चं, आणि आकडे क कडे आहेत.

आता पाचवी ओळ. ‘मी कालच पाठवले’ ऐकून ‘मी म्हणाले’, ‘मी गेले’ आठवतं आणि ही बाईच, असं वाटतं. इथे ‘पाठवले’ हे ‘आकडे’ या शब्दाप्रमाणे चाललंय, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. ब नेही ‘मी पाठवले’ असंच म्हटलं असतं. सहाव्या ओळीतलं ‘बघितली’ तसंच, ते मेलप्रमाणे स्त्रीलिंगी आहे. म्हणजे भूतकाळात कर्म असलेलं क्रियापद पुराव्याला घ्यायचं नाही. गेलो-गेले, आलो-आले, म्हणालो-म्हणाले, करतो-करते एवढ्यांवरच भर द्यायचा. पाचवी ओळ क ची ठरते ती व्याकरणाने नाही, सातवीमुळे: जी आज उरलेलं पाठवते, तिनेच काल पहिलं पाठवलेलं.

आणखी दोन ठिकाणी हा पुरावा दगा देतो. दक्षिण महाराष्ट्रात कित्येक बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथले लोक बैठकीत असतील तर ‘तो’वरून काहीच ठरत नाही. आणि आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. ‘मी आज पाठवते म्हणाली ती’ हे ब चं वाक्य असू शकतं. यंत्राच्या मजकुरात सहसा अवतरणचिन्हं नसतात, आणि ‘म्हणाली’ पुढच्या ओळीत गेलं तर पहिली ओळ सरळ बाईच्या नावावर जाते. ‘मी’ असलेल्या ओळीला नाव देण्यापूर्वी पुढची ओळ वाचायची सवय लावून घ्या.

एकदम बोललेलं नुसतं पुन्हा पुन्हा ऐकत बसू नका

आधी फाइलमध्ये किती चॅनेल आहेत ते पाहा. फोनवरचं बोलणं नोंदवणाऱ्या काही व्यवस्था एका बाजूचा आवाज डाव्या चॅनेलमध्ये आणि दुसऱ्या बाजूचा उजव्यात ठेवतात. साध्या स्पीकरवर दोन्ही मिसळून ऐकू येतात आणि आयता पुरावा वाया जातो. वेगळं करायला ffmpeg या आवाजाच्या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या दोन ओळी पुरतात:

```
ffmpeg -i in.wav -af "pan=mono|c0=c0" left.wav
ffmpeg -i in.wav -af "pan=mono|c0=c1" right.wav
```

फाइलमध्ये एकच चॅनेल असेल किंवा दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या निघाल्या, तर आवाज आधीच एकत्र मिसळलेले आहेत, आणि मग कानाशिवाय इलाज नाही. त्यासाठी प्रत्येकजण एकटाच बोलतोय असा आठ-दहा सेकंदांचा नमुना बाजूला काढून ठेवा. गोंधळाची जागा आली की आधी नमुना ऐका, मग ती जागा दोन-तीन सेकंद आधीपासून, हेडफोनवर, थोड्या संथ गतीने. एका फेरीत एकाच आवाजाचा पाठलाग करा. दोन्ही एकदम पकडायला गेलात तर मोठा आवाज बारक्याला गिळतो. यंत्राचंही तेच होतं. मजकुरात एकच शब्द दिसतो म्हणून तो एकानेच उच्चारला असं नाही.

नवव्या ओळीत नेमकं हेच घडलेलं आहे. ऐकल्यावर ‘हो हो’ अ चंच ठरतं, आणि ‘चालेल’ दोन आवाजांत आहे: एक स्पष्ट, अ चा; दुसरा त्याच क्षणी, दबका, कुणाचा ते कळत नाही. दुरुस्त मजकूर असा होतो:

```
अ: अहवाल शुक्रवारपर्यंत होईल का?
ब: होईल, पण आकडे [अजून] आलेले नाहीत.
अ:                 [हो हो]
क: मी कालच पाठवले, मेल बघा.
ब: बघितली. त्यात शेवटचा तक्ता नव्हता.
क: बरं, मी आज पाठवते.
ब: मग सोमवारी देतो.
अ: [चालेल.]
?: [चालेल.]
```

प्रश्नचिन्ह पुसून टाकू नका

शेवटच्या ओळीला क चं नाव देण्याचा मोह होतो, कारण उरली तीच. पण तो ब चा स्वतःशीच पुटपुटलेला होकारही असू शकतो. उरलं म्हणून दिलेलं नाव हा पुरावा नव्हे. पूर्ण शंका असेल तिथे नुसतं ‘?’, झुकतं माप असेल तिथे ‘क?’, आणि शब्दच कळत नसतील तिथे [अस्पष्ट] एवढ्या तीन खुणा ठेवा आणि त्या मजकुराच्या सुरुवातीला एकदा सांगा.

सगळ्या शंका सारख्या महत्त्वाच्या नसतात. एखादं हसणं कुणाचं, यावर वेळ घालवू नका. कुणी काम अंगावर घेतलं, तारीख दिली, आकडा सांगितला, मंजुरी दिली किंवा विरोध केला, त्या ओळी मात्र दुसऱ्या माणसाकडून ऐकवून घ्या, त्याला तुमचा अंदाज न सांगता. तरी जमलं नाही तर त्या बैठकीतल्या माणसांनाच वेळेच्या नोंदीसकट ओळ पाठवून विचारा. रेकॉर्डिंग उपलब्ध नसेल आणि हातात फक्त मजकूर असेल, तर एकदम बोललेल्या जागी नाव लावण्याचं काम ‘क?’च्या पुढे जाऊच शकत नाही.

खरी गडबड होते ती मजकुरावरून इतिवृत्त लिहिताना. तिथे प्रश्नचिन्ह विचित्र दिसतं म्हणून गळतं आणि ‘सर्वांनी सोमवारला मान्यता दिली’ असं वाक्य तयार होतं. या तुकड्यावरून लिहिता येतं ते एवढंच: शुक्रवारऐवजी सोमवार, ब ने सुचवला, अ ने मान्य केला.