कॉलेजचा ईमेल बंद झाला आणि ऑनलाइन कोर्सचं खातं अडकलं, तर काय करावं

टीवायचे निकाल लागले की आमच्या आयटी विभागाच्या खिडकीशी एक ठरावीक तक्रार येते. कॉलेजच्या ईमेलवरून ऑनलाइन कोर्स सुरू केला होता, चार-पाच प्रमाणपत्रं मिळाली होती, आता तो ईमेल बंद झालाय आणि कोर्सच्या साइटवर आत जाता येत नाही. मुंबईतल्या एका कॉलेजचे ईमेल सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे ही खाती बंद करणारा मीच आणि परत मागायला मुलं येतात तीही माझ्याकडेच.

खाती बंद करण्यामागे कॉलेजचा खडूसपणा नसतो. गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची सेवा पूर्वी अमर्याद जागा द्यायची. 2022 पासून सगळ्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट मिळतात. हजारो मुलांचे व्हिडिओ आणि प्रोजेक्ट त्यात बसवायचे, म्हणून पास झालेल्यांची खाती दरवर्षी काढावी लागतात. सूचना त्याच कॉलेजच्या ईमेलवर जाते आणि परीक्षा संपल्यावर ती कोणी उघडत नाही.

आधी नवीन खातं उघडू नका

बहुतेक जण पहिल्यांदा हेच करतात. स्वतःच्या जीमेलनं त्याच साइटवर नवीन खातं काढतात आणि आत गेल्यावर सगळं रिकामं दिसतं. साइटच्या लेखी तो वेगळा माणूस असतो. एका खात्याची प्रगती दुसऱ्यात हलवायला बऱ्याच साइट सरळ नकार देतात. पुढे तुम्ही तक्रार केलीत की आधी ही दोन खाती का, याचाच खुलासा करत बसावं लागतं.

त्याऐवजी फोन, टॅब, घरचा लॅपटॉप तपासा. कुठे तरी कोर्सचं ॲप अजून लॉग-इन असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. तिथून लॉग-आउट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन ईमेल बदलता येतो का ते बघा. साइट जुना पासवर्ड मागेल. तो ब्राउझरमध्ये साठवलेला असू शकतो, क्रोममध्ये chrome://password-manager हा पत्ता टाकून बघा.

प्रमाणपत्रं खात्याबाहेरही सापडतात

खातं उघडायची वाट न बघता हे काम त्याच दिवशी करून टाका. कोर्सेरा किंवा यूडेमीसारख्या साइटच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर एक सांकेतिक क्रमांक आणि पडताळणीची लिंक छापलेली असते. ती लिंक लॉग-इन न करताही उघडते, कारण ती कंपनीच्या एचआरला बघता यावी म्हणूनच दिलेली असते. म्हणजे तुमच्याकडे नुसता क्रमांक असला तरी मिळवलेलं प्रमाणपत्र तुमच्या हातात आहे.

हा क्रमांक शोधायचा कुठे? लिंक्डइनवर प्रमाणपत्र टाकलं असेल तर तिथे Licenses & certifications या भागात लिंक असते. प्लेसमेंट सेलला पाठवलेला बायोडेटा, व्हॉट्सॲपवर मित्राला किंवा आईला पाठवलेली पीडीएफ, गॅलरीतला स्क्रीनशॉट, इंटर्नशिपच्या अर्जाला जोडलेली फाइल, हे सगळं चाळा. आईच्या व्हॉट्सॲपवर हमखास सापडतं.

अर्धवट राहिलेल्या कोर्सची प्रगती मात्र अशी बाहेरून मिळत नाही. त्यासाठी खातंच उघडावं लागतं.

ईमेल नक्की कोणत्या अवस्थेत आहे

स्वतःच्या जीमेलवरून कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर एक साधा मेल पाठवा. थोड्या वेळात तो परत येईल आणि त्यात एक क्रमांक असेल.

```
550 5.2.1  ... is disabled
550 5.1.1  ... does not exist
```

पहिला आला तर खातं फक्त गोठवलेलं आहे. ॲडमिननं एक बटण दाबलं की ते जसंच्या तसं चालू होतं. दुसरा आला तर खातं काढून टाकलंय, आणि इथे तारीख फार महत्त्वाची ठरते. काढलेलं खातं ॲडमिनला 20 दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर आम्ही कितीही मनावर घेतलं तरी ते जुनं खातं येत नाही. त्याच नावाचा नवा पत्ता तेवढा काढून देता येतो.

जुनं खातं परत आणलेलं आणि त्याच नावाचा नवा पत्ता, हे बाहेरून सारखेच दिसतात, पण कोर्सच्या साइटला ते वेगळे वाटू शकतात. तुम्ही 'गूगलनं लॉग-इन करा' हे बटण दाबता तेव्हा गूगल साइटला तुमच्या पत्त्याबरोबर त्या खात्याचा एक कायमचा अंतर्गत क्रमांक कळवतं. नीट बांधलेली साइट पत्त्यावर नव्हे, त्या क्रमांकावर भरवसा ठेवते. पत्ता नव्यानं काढला की क्रमांक बदलतो, त्यामुळे बटण दाबूनही आत जाता येत नाही. अशा वेळी बटण सोडून द्या. साइटवर जुना पत्ता टाका आणि 'पासवर्ड विसरलो' निवडा. पासवर्ड बदलायचा मेल क्रमांक बघत नाही, पत्त्यावर येतो, आणि पत्ता तर आता चालू आहे.

कॉलेजकडे काय मागायचं

'माझा ईमेल परत द्या' असा अर्ज केला तर तो फायलीत पडून राहतो. कायमचा ईमेल द्यायचा तर वरच्यांची मंजुरी लागते. दोन दिवसांसाठी मागा, आणि कारण लिहा: कोर्सच्या साइटवरचा ईमेल बदलून घ्यायचा आहे. अर्जात जुना पत्ता पूर्ण लिहा, हजेरी क्रमांक आणि पास झाल्याचं वर्ष लिहा, मार्कशीट आणि जुन्या ओळखपत्राची प्रत जोडा. शक्यतो स्वतः जा. डोंबिवलीहून माटुंग्याला येणं जिवावर येतं हे मान्य, पण समोर उभ्या असलेल्या मुलीचं काम त्याच दिवशी होतं आणि मेलवरच्या अर्जाचं काम गणपतीनंतर होतं.

आमच्याकडे अशीच एक मुलगी आली होती. डेटा ॲनालिटिक्सचे सहा कोर्स, चार पूर्ण, पाचवा अर्धा. ऐरोलीच्या एका कंपनीनं कागदपत्रांच्या तपासणीसाठी प्रमाणपत्रं मागितली होती. तिचं खातं 5 जुलैला काढलं होतं आणि ती आली 21 जुलैला. म्हणजे 16 दिवस झाले होते आणि हातात चार उरले होते. मैत्रिणींनी ग्रुपवर 'नव्या जीमेलनं पुन्हा एनरोल कर' असा सल्ला दिला होता, तो नशिबानं तिनं अजून ऐकला नव्हता. आधी आम्ही तिच्या लिंक्डइनवरून तीन प्रमाणपत्रांच्या लिंक काढल्या आणि त्या तिनं तिथूनच कंपनीला पाठवल्या. मग खातं परत आणलं. असं खातं पूर्ण जागं व्हायला कधी कधी एक दिवस लागतो, म्हणून तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं.

आत गेल्यावर तिनं कामं या क्रमानं केली. आधी साइटचा स्वतंत्र पासवर्ड लावला, म्हणजे गूगलच्या बटणावर अवलंबून राहायला नको. मग ईमेल बदलून स्वतःचं जीमेल टाकलं. या टप्प्याला जुना मेलबॉक्स उघडा असायलाच हवा, कारण काही साइट नव्या पत्त्याबरोबर जुन्या पत्त्यावरही खात्री करून घेतात. मग लॉग-आउट करून नव्या पत्त्यानं पुन्हा आत जाऊन पाहिलं. हे पाहिल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. शेवटी चारही पीडीएफ उतरवून घेतल्या आणि पाचव्या कोर्सच्या गुणांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढला.

नावाचा घोळ तिच्याही खात्यात होता. कॉलेजच्या नोंदीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आधारवर आडनाव शेवटी. तिला ते लगेच दुरुस्त करायचं होतं, मी थांबवलं. एकाच दिवशी ईमेलही बदलला आणि नावही बदललं, तर खातं कोणी पळवलंय असा साइटला संशय येऊ शकतो. ईमेल स्थिरावला की नाव बदलायची विनंती ओळखपत्रासकट वेगळी करावी.

पाचवा कोर्स मात्र उघडला नाही. तिथे परवाना संपल्याचा संदेश होता. याला खातं बंद झालं म्हणत नाहीत. कॉलेजनं पैसे भरलेली सोय संपली, एवढंच. प्रगती तशीच दिसत होती आणि पुढचं शिकायला तिला स्वतः पैसे भरावे लागणार होते. त्यात उशीर करू नये. मधल्या काळात कोर्सची नवी आवृत्ती आली तर जुने सोडवलेले असाइनमेंट तिच्यात धरले जातीलच असं नाही.

कॉलेजनं हात वर केले तर

मग साइटच्या मदत विभागातूनच लिहायचं. साध्या इंग्रजीत आणि थोडक्यात. 'खाती एकत्र करा' असं मागू नका, ते बहुतेकदा होत नाही. 'माझ्या जुन्या खात्यावरचा ईमेल बदलून हा नवा लावा' असं मागा. पुराव्यात जुना पत्ता, प्रोफाइलवर जसंच्या तसं असलेलं नाव, कोर्सची नावं, प्रमाणपत्राचे क्रमांक, स्वतः पैसे भरले असतील तर पावती किंवा यूपीआयचा व्यवहार क्रमांक, आणि पास झाल्यामुळे पत्ता बंद झाल्याचं कॉलेजचं दोन ओळींचं पत्र द्या. ते पत्र कुठलंही कॉलेज देतं, ईमेल द्यायला नाही म्हणणारंसुद्धा. ओळखपत्र मागितलं तर पहिले 8 अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या आणि ते साइटच्या स्वतःच्या फॉर्ममधूनच चढवा.

स्वतः पैसे भरून घेतलेला कोर्स असेल तर तुम्ही ग्राहक आहात. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कॉलेजच्या परवान्यावर फुकट केलेल्या कोर्सला हा मार्ग फारसा उपयोगी नाही.

साइटचा 'कस्टमर केअर नंबर' मात्र गूगलवर शोधू नका. शोधात वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात आणि खात्याऐवजी बँक रिकामी करतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अजून टीवायला असेल, तर कॉलेजचा ईमेल चालू आहे तोवरच कोर्सच्या सेटिंग्जमध्ये स्वतःचं जीमेल लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. त्या जीमेलमध्येही अधूनमधून जात राहा, दोन वर्षं कोणी न उघडलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं.